अंतर्गत, वैधानिक आणि परिव्यय लेखापरीक्षण

अंतर्गत लेखापरीक्षण, वैधानिक लेखापरीक्षण आणि परिव्यय लेखापरीक्षण (व्यवहारात प्रचलित नाव: कॉस्ट ऑडिट) हे संस्थेच्या हिशेबांच्या तपासणीचे तीन स्वतंत्र प्रकार आहेत. तिन्हींत बहुधा तीच दप्तरे उघडली जातात. परंतु त्यांतून शोधायचे उत्तर, लेखापरीक्षक नेमणारी व्यक्ती किंवा सभा आणि अहवाल स्वीकारणारा पक्ष हे तीनही घटक वेगळे असतात. अंतर्गत लेखापरीक्षण व्यवस्थापनासाठी, वैधानिक लेखापरीक्षण सभासद किंवा भागधारकांसाठी, तर परिव्यय लेखापरीक्षण प्रामुख्याने संचालक मंडळ व शासन यांच्यासाठी केले जाते.

यांपैकी कोणते लेखापरीक्षण बंधनकारक आहे, हे संस्था काय बनवते यावर जितके अवलंबून असते तितकेच ती कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे यावरही असते. कोल्हापूर जिल्ह्यातील साखर उद्योगात हा फरक स्पष्ट दिसतो. तेथे सहकारी संस्था आणि कंपन्या शेजारच्या शिवारांतील ऊस गाळतात व सारखीच साखर बनवतात, पण त्यांच्या लेखापरीक्षणाची रचना सारखी नाही.

## कायद्याची चौकट

कागल तालुक्यातील बिद्री येथे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील ऊस उत्पादक त्याचे सभासद आहेत. सहकारी संस्था असल्यामुळे त्याचे लेखापरीक्षण *महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०* या कायद्यानुसार होते. सहकारी साखर कारखान्यांच्या बाबतीत निबंधकाचे अधिकार पुणे येथील साखर आयुक्तालयाकडे असून विभागीय पातळीवर प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांचे कार्यालय काम पाहते.

त्याच जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यातील आसुर्ले-पोर्ले येथील पूर्वीचा सहकारी दत्त कारखाना आता दालमिया भारत शुगर अँड इंडस्ट्रीज या कंपनीकडे आहे. तेथे ऊस, यंत्रे आणि साखर तीच राहिली. मालकी मात्र कंपनीची झाल्याने *कंपनी अधिनियम, २०१३* लागू झाला. या कायद्यात तिन्ही लेखापरीक्षणांसाठी स्वतंत्र कलमे आहेत: अंतर्गत लेखापरीक्षणासाठी कलम १३८, वैधानिक लेखापरीक्षणासाठी कलमे १३९ ते १४७ आणि परिव्यय लेखापरीक्षणासाठी कलम १४८.

सहकार कायद्यात मुख्य भर वैधानिक लेखापरीक्षणावर आहे. कलम ८१ नुसार प्रत्येक संस्थेने आर्थिक वर्षातून किमान एकदा आपल्या हिशेबांचे लेखापरीक्षण करून घ्यावयाचे असते. परिव्यय लेखापरीक्षणाचा उल्लेख सहकार कायद्यातही आहे, पण तो दरवर्षीच्या बंधनाच्या स्वरूपात नाही. लोकहितासाठी आवश्यक वाटल्यास राज्य शासन आदेश काढून एखाद्या संस्थेचे किंवा संस्थांच्या वर्गाचे परिव्यय लेखापरीक्षण, कार्यमापन लेखापरीक्षण अथवा दोन्ही करवून घेऊ शकते. त्यामुळे कंपनीच्या कारखान्यात ठरावीक उलाढालीनंतर आपोआप लागू होणारी तपासणी सहकारी कारखान्यात शासनाच्या आदेशावर अवलंबून राहते.

## उद्देश

### अंतर्गत लेखापरीक्षण

अंतर्गत लेखापरीक्षणाचा प्रश्न असा असतो: ठरवून दिलेली कामाची पद्धत प्रत्यक्षात पाळली जात आहे का, आणि नुकसान होण्याआधी ते कोठे होऊ शकते हे कळते का? त्यामुळे हे काम वर्षअखेरीची वाट न पाहता वर्षभर, मासिक किंवा तिमाही टप्प्यांनी चालते.

साखर कारखान्यात त्याची सुरुवात वजनकाट्यापासून होते. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, ऊस पुरवठादाराचे नाव, तोडणी-वाहतूक ठेकेदाराची नोंद आणि त्यावरून निघालेले ऊसबिल ही साखळी काही निवडक पावत्या घेऊन शेवटपर्यंत तपासली जाते. तोडणी-वाहतूक ठेकेदारांना हंगामापूर्वी दिलेल्या उचली, त्यांचे करार व जामीन, हंगामात झालेली वसुली, भांडारातील सुटे भाग, खरेदीची दरपत्रके आणि फाटकातून बाहेर गेलेल्या मालाचे परवाने हीदेखील त्याची नेहमीची क्षेत्रे होत. रकान्यांची बेरीज बरोबर असणे एवढे येथे पुरेसे नसते. दरपत्रक मागवणारा, माल स्वीकारणारा आणि बिल मंजूर करणारा एकच कर्मचारी असेल, तर एक रुपयाचाही घोळ सापडला नसला तरी तो दोष म्हणून नोंदवला जातो.

### वैधानिक लेखापरीक्षण

वैधानिक लेखापरीक्षणाचा प्रश्न अधिक मोजका असतो: ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक संस्थेच्या आर्थिक स्थितीचे खरे व वाजवी चित्र दाखवतात का? हे मत असते, हमी नव्हे. लेखापरीक्षक प्रत्येक व्यवहार तपासत नाही; तो महत्त्वाच्या रकमा आणि जोखमीच्या जागा निवडून पुरेसा पुरावा गोळा करतो.

सहकार कायद्यात याची व्याप्ती काहीशी अधिक असते. हिशेबांबरोबरच कायदा, नियम आणि उपविधी यांचे पालन, थकबाकी, सभासदांना व संचालकांना दिलेली येणी आणि मागील दोषांची दुरुस्ती यांवर लेखापरीक्षकाने भाष्य करावयाचे असते. शेवटी संस्थेला ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा ‘ड’ असा लेखापरीक्षण वर्ग दिला जातो. वार्षिक अहवालात आढळणारा ‘लेखापरीक्षण वर्ग – अ’ हा उल्लेख याच तपासणीतून येतो. हा वर्ग संस्थेच्या एकूण कामकाजाला दिलेला असतो. साखर किती स्वस्तात तयार झाली, याचे ते मोजमाप नसते.

### परिव्यय लेखापरीक्षण

परिव्यय लेखापरीक्षणाचा प्रश्न वस्तूपाशी जातो: एका क्विंटल साखरेला, एका लिटर मद्यार्काला किंवा विजेच्या एका युनिटला किती खर्च आला, आणि तो खर्च योग्य रीतीने मोजला आहे का? वैधानिक लेखापरीक्षणात ‘ऊस खरेदी’ ही एक रक्कम म्हणून बरोबर असली की पुरे होते. परिव्यय लेखापरीक्षक त्या रकमेला गाळपाच्या टनांनी आणि साखरेच्या क्विंटलांनी भागतो. त्यासोबत तो उतारा, वाफेचा वापर, विजेचा वापर आणि गाळप क्षमतेचा झालेला वापर हेही पाहतो.

साखर उद्योगात या कामाची खरी अडचण संयुक्त खर्चाची असते. एकाच उसातून साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड निघतात. मळीपासून मद्यार्क तयार होतो, तर बगॅस जाळून वाफ व सहवीज मिळते. उसासाठी मोजलेला पैसा या सर्वांवर कसा वाटावा, हे ठरल्याशिवाय साखरेचा उत्पादन खर्च सांगता येत नाही. सामान्यतः साखर हे मुख्य उत्पादन मानून उपपदार्थांपासून मिळणारे निव्वळ मूल्य एकूण खर्चातून वजा केले जाते. म्हणून उपपदार्थाला लावलेला दर हा परिव्यय लेखापरीक्षणातील सर्वांत संवेदनशील आकडा ठरतो.

## नेमणूक

### सहकारी संस्थेत

घटनेतील ९७ व्या दुरुस्तीनंतर २०१३ साली महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात व्यापक बदल झाले. त्यापूर्वी लेखापरीक्षक नेमण्याची सूत्रे निबंधकाकडे होती. दुरुस्तीनंतर हा अधिकार वार्षिक सर्वसाधारण सभेकडे आला. सभेला मात्र निबंधकाने तयार केलेल्या व शासनाने मान्य केलेल्या नामिकेतूनच निवड करावी लागते. नामिकेत सनदी लेखापाल व त्यांच्या फर्म, प्रमाणित लेखापरीक्षक आणि शासकीय लेखापरीक्षक यांचा समावेश असतो. साखर कारखान्यांसाठी सहकार विभागात ‘विशेष लेखापरीक्षक वर्ग १ (साखर)’ असे पदही आहे.

नेमलेल्या लेखापरीक्षकाचे नाव आणि त्याची लेखी संमती सभेनंतर ३० दिवसांच्या आत निबंधकाला विवरणपत्राद्वारे कळवावी लागते. एकाच लेखापरीक्षकाला त्याच संस्थेत सलग तीन वर्षांपेक्षा अधिक काळ नेमता येत नाही. संस्थेने विहित माहिती दिली नाही, तर निबंधक स्वतः आदेशाने लेखापरीक्षक नेमू शकतो.

अंतर्गत लेखापरीक्षकाच्या बाबतीत असे सर्वसाधारण बंधन नाही. संचालक मंडळ आपल्या अधिकारात बाहेरील फर्म नेमते किंवा कारखान्यातच स्वतंत्र विभाग ठेवते. कामाची व्याप्ती, मुदत आणि मोबदला हे तिघेही मंडळाच्या ठरावावर ठरतात.

### कंपनीत

वैधानिक लेखापरीक्षकाची नेमणूक भागधारक वार्षिक सर्वसाधारण सभेत करतात. ती त्या सभेपासून सहाव्या सभेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे पाच वर्षांसाठी असते. सूचिबद्ध आणि ठरावीक मर्यादेवरील अन्य कंपन्यांत व्यक्तीला पाच वर्षांची एक मुदत आणि फर्मला अशा सलग दोन मुदती एवढीच मुभा आहे. मुदतीपूर्वी लेखापरीक्षकाला दूर करावयाचे असल्यास भागधारकांचा विशेष ठराव आणि केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागते. ज्याचे काम तपासायचे त्यानेच तपासनिसाला घरी पाठवू नये, हा या अटीमागील हेतू आहे.

अंतर्गत लेखापरीक्षक संचालक मंडळ नेमते. सर्व सूचिबद्ध कंपन्यांना हे बंधन आहे. खासगी मर्यादित कंपनीला ते मागील वर्षाची उलाढाल २०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा बँका व सार्वजनिक वित्तीय संस्थांचे येणे कर्ज १०० कोटी रुपयांहून अधिक झालेले असल्यास लागू होते. असूचिबद्ध सार्वजनिक कंपन्यांसाठी भागभांडवल व ठेवी यांचेही निकष आहेत. अंतर्गत लेखापरीक्षक सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल किंवा मंडळाने ठरवलेला अन्य व्यावसायिक असू शकतो. तो कंपनीचा कर्मचारी असला तरी चालते.

परिव्यय लेखापरीक्षकही संचालक मंडळच नेमते आणि तो व्यवसाय करणारा परिव्यय लेखापाल असावा लागतो. २०१४ च्या परिव्यय अभिलेख व लेखापरीक्षण नियमांत साखर आणि औद्योगिक मद्यार्क यांचा समावेश नियंत्रित क्षेत्रांच्या यादीत आहे. या यादीतील कंपनीची मागील वर्षाची एकूण उलाढाल किमान ५० कोटी रुपये आणि संबंधित उत्पादनांची उलाढाल किमान २५ कोटी रुपये असेल, तर परिव्यय लेखापरीक्षण बंधनकारक होते. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून १८० दिवसांच्या आत नेमणूक करून ती सीआरए-२ या नमुन्यात केंद्र शासनाला कळवावी लागते. मोबदला मंडळ ठरवते, पण त्यावर भागधारकांची मान्यता घ्यावी लागते.

## अहवाल कोणाकडे जातो

अहवालाचा धनी कोण, यावर त्यातील भाषा आणि तपशील ठरतात.

अंतर्गत लेखापरीक्षणाचा अहवाल कार्यकारी संचालक, संचालक मंडळ किंवा मंडळाची लेखापरीक्षण समिती यांच्याकडे जातो. त्यात नावे, पावती क्रमांक, दिनांक आणि सुधारणेची मुदत असा तपशील असतो. सभासद किंवा भागधारक यांना तो पाठवला जात नाही.

वैधानिक लेखापरीक्षणाचा अहवाल उघड असतो. सहकारी संस्थेत लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत पूर्ण व्हावे लागते. ते पूर्ण झाल्यापासून एका महिन्यात आणि कोणत्याही परिस्थितीत वार्षिक सभेची नोटीस निघण्यापूर्वी अहवाल संस्था व निबंधक या दोघांनाही सादर करावा लागतो. सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाची असल्याने हिशेब, अहवाल आणि नोटीस हे टप्पे एकामागोमाग येतात. अहवालात दाखवलेल्या दोषांचे स्पष्टीकरण संस्थेने तीन महिन्यांत निबंधकाला द्यावे लागते. हा ‘दोष दुरुस्ती अहवाल’ पुढील सर्वसाधारण सभेपुढेही ठेवला जातो.

हिशेबांच्या संदर्भात कोणी गुन्ह्यास पात्र आहे असा निष्कर्ष निघाल्यास सहकारी संस्थेच्या लेखापरीक्षकाने १५ दिवसांत निबंधकाकडे विशेष अहवाल दाखल करावयाचा असतो आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने प्रथम खबरही नोंदवावयाची असते. कंपनीचा वैधानिक लेखापरीक्षक आपला अहवाल भागधारकांना उद्देशून लिहितो. अधिकारी किंवा कर्मचाऱ्यांनी केलेला एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा गैरव्यवहार आढळल्यास त्याला विहित पद्धतीने केंद्र शासनास कळवावे लागते. त्याहून कमी रकमेची बाब मंडळाला किंवा लेखापरीक्षण समितीला कळवली जाते.

परिव्यय लेखापरीक्षणाचा अहवाल सीआरए-३ या नमुन्यात वर्षअखेरीपासून १८० दिवसांच्या आत संचालक मंडळाला दिला जातो. मंडळ तो आपल्या स्पष्टीकरणांसह ३० दिवसांत सीआरए-४ या नमुन्यात केंद्र शासनाला सादर करते. भागधारकांना तो वाटण्याची तरतूद नाही. उत्पादनाचा तपशीलवार खर्च स्पर्धकांच्या हाती गेल्यास कंपनीची विक्री आणि वाटाघाटींची ताकद कमी होते, हे त्याच्या मर्यादित प्रसाराचे व्यावहारिक कारण आहे.

## तुलना

| मुद्दा | अंतर्गत | वैधानिक | परिव्यय |
|---|---|---|---|
| मुख्य प्रश्न | कामाची पद्धत पाळली जाते का? | हिशेब खरे व वाजवी चित्र दाखवतात का? | एका नगाचा खर्च योग्य मोजला आहे का? |
| सहकारी कारखान्यात नेमणूक | संचालक मंडळ | सर्वसाधारण सभा, मान्य नामिकेतून | राज्य शासनाचा आदेश झाल्यास |
| कंपनीत नेमणूक | संचालक मंडळ | भागधारकांची सभा | संचालक मंडळ. मोबदल्यास भागधारकांची मान्यता |
| अहवाल कोणाला | व्यवस्थापन व मंडळ | सभासद किंवा भागधारक. सहकारात निबंधकालाही | कंपनीत मंडळ आणि त्यामार्फत केंद्र शासन |
| काळ | वर्षभर | वर्षअखेरीनंतर | वर्षअखेरीनंतर |

## उदाहरण: मळीची टाकी

पुढील आकडे केवळ समजावणीसाठी धरलेले असून ते कोणत्याही विशिष्ट कारखान्याचे नाहीत.

एका कारखान्याने हंगामात ६ लाख टन ऊस गाळला. साखरेचा उतारा १२ टक्के असल्याने ७ लाख २० हजार क्विंटल साखर तयार झाली. उसाच्या ४ टक्के, म्हणजे २४ हजार टन मळी निघाली आणि ती सर्व कारखान्याच्याच मद्यार्क प्रकल्पात वापरली गेली. ऊस व प्रक्रिया यांचा मिळून खर्च २७० कोटी रुपये झाला.

अंतर्गत लेखापरीक्षक टाकीपासून सुरुवात करतो. टाकीतील पातळी पट्टीने मोजून घनफळ काढले जाते व घनतेने गुणून वजन मिळवले जाते. मळीची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट असते. मळी गरम असताना तिच्यावर फेस येतो आणि पातळी फसवी वाढते. म्हणून तापमान व फेस लक्षात न घेता घेतलेले माप तूट किंवा वाढ म्हणून नोंदवणे चूक ठरते. ही काळजी घेऊनही नोंदीपेक्षा ६०० टन मळी कमी भरली, तर ७,५०० रुपये टन दराने हा फरक ४५ लाख रुपयांचा होतो. मग फाटक परवाने, टँकरच्या फेऱ्या आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची नोंदवही यांचा मेळ घातला जातो.

परिव्यय लेखापरीक्षक मळीच्या दराकडे पाहतो. बाजारातील ७,५०० रुपये टन हा दर लावल्यास मळीचे मूल्य १८ कोटी रुपये होते. ते वजा करता साखरेवर २५२ कोटी रुपये खर्च राहतो आणि क्विंटलला ३,५०० रुपये पडतात. कारखान्याने मात्र आपल्याच मद्यार्क प्रकल्पाला ती ५,००० रुपये टन दराने दिल्याचे दाखवले, तर वजावट १२ कोटींवर येते, साखरेवरील खर्च २५८ कोटी होतो आणि क्विंटलचा खर्च सुमारे ३,५८३ रुपये दिसतो. साखर ८३ रुपयांनी महाग आणि मद्यार्क तेवढ्याच रकमेने स्वस्त झाल्याचा भास निर्माण होतो. प्रत्यक्षात एकही पैसा कारखान्याबाहेर गेलेला नसतो.

वैधानिक लेखापरीक्षकाला हा अंतर्गत दर प्रथमदर्शनी दुय्यम वाटू शकतो, कारण एकाच संस्थेच्या दोन विभागांतील देवघेव एकत्रित हिशेबात रद्द होते. परंतु ३१ मार्चला गोदामात २ लाख क्विंटल साखर शिल्लक असेल आणि तिचा बाजारभाव दोन्ही खर्चांपेक्षा जास्त असेल, तर साठ्याचे मूल्य खर्चाने ठरते. क्विंटलमागे ८३ रुपये वाढल्याने साठा सुमारे १ कोटी ६७ लाख रुपयांनी फुगतो. मद्यार्क सर्व विकला गेला असल्यास त्या वर्षाचा नफाही तेवढ्याच रकमेने वाढलेला दिसतो आणि पुढील वर्षी साखर विकताना तो परत खाली येतो. या टप्प्यावर परिव्ययाचा प्रश्न वैधानिक लेखापरीक्षणाचा प्रश्न बनतो.

एकाच टाकीबाबत पहिला लेखापरीक्षक माल आहे का हे विचारतो, दुसरा त्याचा दर वाजवी आहे का हे विचारतो आणि तिसरा त्यामुळे सभासदांपुढे ठेवलेला नफा खरा आहे का हे विचारतो.

## ऊस उत्पादकाशी संबंध

साखर कारखान्यात या तपासण्यांचे परिणाम थेट ऊसदरापर्यंत पोहोचतात. केंद्र शासनाने २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रुपये रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) ठरवला होता आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यामागे क्विंटलला ३.३२ रुपये वाढ दिली होती. ६ लाख टन गाळपावर उताऱ्यातील केवळ ०.१ टक्क्याचा फरक सुमारे २ कोटी रुपयांचा होतो. उतारा हा वजनकाटा, रसाचे विश्लेषण आणि साखरेच्या पोत्यांची मोजणी यांतून निघत असल्याने त्याची विश्वासार्हता प्रथम अंतर्गत तपासणीवरच अवलंबून असते.

याशिवाय महाराष्ट्रातील २०१३ च्या ऊसदर विनियमन कायद्यानुसार साखर व प्राथमिक उपपदार्थ यांच्या उत्पन्नातील ऊस उत्पादकाचा वाटा महसूल विभागणी सूत्राने (आरएसएफ) काढला जातो. उपपदार्थ कमी दराने दाखवला गेल्यास उत्पन्नाचा पायाच लहान होतो. सहकारी कारखान्यात ऊस उत्पादक हाच सभासद असतो, तरी त्याच्या हाती तिन्हींपैकी सामान्यतः फक्त वैधानिक अहवाल येतो. त्यामुळे उत्पन्न आणि साठ्याच्या मूल्यांकनाची पद्धत, अहवालातील शेरे आणि दोष दुरुस्ती अहवाल हेच त्याच्यासाठी तपासणीचे उपलब्ध मार्ग ठरतात.

## परस्परसंबंध व स्वातंत्र्य

तिन्ही लेखापरीक्षणे एकमेकांची जागा घेत नाहीत. कंपनीचा वैधानिक लेखापरीक्षक त्याच कंपनीचा अंतर्गत लेखापरीक्षक होऊ शकत नाही. तसे झाल्यास त्याला स्वतःचेच काम तपासावे लागेल. परिव्यय लेखापरीक्षकही वैधानिक लेखापरीक्षकापेक्षा वेगळाच असावा लागतो. तरीही अहवालांचा परस्परांशी संबंध राहतो. ज्या कंपन्यांना *कंपनी (लेखापरीक्षकाचा अहवाल) आदेश, २०२०* लागू आहे, तेथे वैधानिक लेखापरीक्षकाने अंतर्गत लेखापरीक्षणाची व्यवस्था व्यवसायाच्या आकाराला साजेशी आहे का, तिचे अहवाल आपण विचारात घेतले का आणि विहित परिव्यय अभिलेख ठेवले आहेत का, हे सांगावयाचे असते.

## मर्यादा

अंतर्गत लेखापरीक्षणाची मुख्य मर्यादा नेमणुकीतच आहे. ज्या मंडळाच्या निर्णयांवर प्रश्न उपस्थित करायचा, त्याच मंडळाच्या ठरावावर लेखापरीक्षकाची मुदतवाढ अवलंबून असते. खालच्या पातळीवरील चुका अहवालात भरपूर, पण मोठ्या खरेदीवर किंवा ठेकेदारांच्या थकलेल्या उचलींवर एकही शेरा नाही, अशी स्थिती हे या मर्यादेचे ठळक लक्षण होय. तोच शेरा वर्षानुवर्षे जसाच्या तसा येत राहणे हे दुसरे लक्षण असून त्यातून अहवाल वाचला जातो पण अमलात येत नाही असे दिसते.

वैधानिक लेखापरीक्षण व्यवहार घडून गेल्यानंतर आणि नमुना पद्धतीने होते. मोजणीच्या वेळी गोदामात नसलेला माल महिन्यांनंतर कागदांवरून सिद्ध करणे कठीण असते. निर्णय शहाणपणाचा होता का, हेही त्याच्या मताचा मुख्य विषय नसते. नियमानुसार मंजूर झालेली तोट्याची गुंतवणूक हिशेबात बरोबरच दिसू शकते. सहकार कायद्यात शंका उरल्यास निबंधकाला चाचणी लेखापरीक्षण किंवा फेरलेखापरीक्षण करवण्याचा आणि स्वतंत्र चौकशीचा अधिकार आहे.

परिव्यय लेखापरीक्षणाची मर्यादा खर्चवाटपाच्या गृहीतकांत आहे. ऊस कमी पडल्याने कारखाना हंगामात निम्म्या क्षमतेने चालला, तर स्थिर खर्च थोड्या साखरेवर पडून क्विंटलचा खर्च वाढलेला दिसतो. म्हणून असाधारण कारणाने वाया गेलेल्या क्षमतेचा खर्च उत्पादन खर्चात न धरता वेगळा दाखवला जातो. तसेच कर्जावरील व्याज उत्पादन खर्चाचा भाग मानले जात नाही. साखरतारण कर्जावर चालणाऱ्या कारखान्यात यामुळे उत्पादन खर्च माफक आणि प्रत्यक्ष तोटा मोठा, असे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात.

## हेही पहा

* लेखापरीक्षण
* महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०
* कंपनी अधिनियम, २०१३
* रास्त व किफायतशीर दर
* बिद्री